साका निघाला तर? पाच स्लाइडचं एक वचन करताना

देवगडच्या एका बागायतदार कुटुंबाची वेबसाइट मार्चमध्ये माझ्याकडे आली. बाग काका बघतात, फोन आणि व्हॉट्सॲप काकू सांभाळतात आणि साइट पुतण्याने बनवून घेतलेली. त्याची तक्रार एवढीच होती की लोक साइटवर येतात आणि तरीही फोन करून सगळं पुन्हा विचारतात. मी साइट उघडली. वर मोठा स्लायडर, त्यात पाच स्लाइड, दर पाच सेकंदांनी पुढे सरकणाऱ्या.

पहिल्या स्लाइडवर समुद्रावरचा सूर्यास्त आणि ‘आमच्या वेबसाइटवर आपलं हार्दिक स्वागत’. दुसरीवर हापूसच्या भौगोलिक मानांकनाचं प्रमाणपत्र. तिसरीवर काकांचा शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो. चौथीवर पहिल्या ऑर्डरला 10 टक्के सूट, आणि पाचवीवर आमरस, आंबापोळी, कोकम सरबत. तीन स्लाइडवर बटणं होती, तीन वेगळ्या ठिकाणी नेणारी. आंब्याची पेटी केवढ्याला, हे पाचही स्लाइडवर कुठेच नव्हतं.

होमपेजच्या या सर्वात वरच्या भागाला, म्हणजे बोटाने पान सरकवण्याआधी जे दिसतं त्याला, या धंद्यातले लोक हिरो सेक्शन म्हणतात. तिथे फिरत्या स्लाइड येतात त्याचं कारण बहुतेक वेळा डिझाइनमध्ये नसतं. घरात किंवा ऑफिसात चार जणांना चार गोष्टी महत्त्वाच्या वाटतात, कुणालाच नाही म्हणायचं नसतं आणि स्लायडर ती अडचण सोडवतो. प्रत्येकाला आपापली स्लाइड मिळते. इथेही मानांकनाची स्लाइड पुतण्याची होती, सत्काराची त्याच्या वडिलांच्या आग्रहाची आणि सरबताची काकूंची. पेटी मागवायला आलेल्या माणसाची मात्र एकही नव्हती.

आता त्या माणसाच्या बाजूने हिशेब मांडू. दर स्लाइडला पाच सेकंद धरले तर चौथी स्लाइड, म्हणजे सवलतीची, पंधरा सेकंदांनी येते. पुन्हा पहिली दिसायला पंचवीस सेकंद लागतात. दुपारच्या सुट्टीत फोनवर आंबे शोधणारा माणूस पंधरा सेकंद हात न लावता बसून राहत नाही. तो खाली सरकतो, नाहीतर मागे जाऊन दुसरी साइट उघडतो.

याची आकडेवारीही आहे. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात वेबचं काम करणाऱ्या एरिक रुन्यन यांनी 2013 मध्ये त्यांच्या होमपेजच्या स्लायडरचे आकडे जाहीर केले. तिथेही पाच जागा होत्या. आलेल्यांपैकी सुमारे 1 टक्का लोकांनी स्लायडरमधल्या कशावर तरी क्लिक केलं होतं, आणि त्या क्लिकपैकी 84 टक्के पहिल्या जागेवरच्या गोष्टीला मिळाल्या होत्या. उरलेल्या चार जागांना जेमतेम चार-चार टक्के. विद्यापीठ आणि आंब्याची बाग यांचा वाचक वेगळा, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. पण दुसरीपासून पाचवीपर्यंतच्या स्लाइड कुणासाठी असतात, हा प्रश्न त्यातून नीट समोर येतो.

त्याच वर्षी वेबसाइट लोकांना वापरायला किती सोपी जाते याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी एका चाचणीतला प्रसंग लिहिला. चाचणीतल्या एका व्यक्तीला एका कंपनीच्या साइटवर वॉशिंग मशीनवर काही सवलत आहे का, हे शोधायला सांगितलं होतं. सवलत होती, तीही पानावरच्या सर्वात ठळक जागेत, पण सरकत्या पट्टीत. त्यांना ती सापडली नाही. आपोआप हलणारी, रंगीत, मोठी गोष्ट दिसली की आपण तिला जाहिरात समजून नजर वळवतो. त्यामुळे सर्वात महत्त्वाची गोष्ट स्लायडरमध्ये टाकणं म्हणजे ती लपवण्यासारखंच होतं.

मग या पाच स्लाइडमधून एक गोष्ट निवडायची कशी? माझं मत असं की पाचातून एक निवडायला बसूच नये, कारण जे हवं ते बहुधा त्या पाचात नसतं. स्लाइडवर मालकाला सांगायच्या गोष्टी असतात, आणि आपल्याला हवा असतो गिऱ्हाइकाचा प्रश्न. तो फोनवर सापडतो.

म्हणून मी काकूंना विनंती केली की आठवडाभर आलेला प्रत्येक प्रश्न वहीत लिहून ठेवा, लोक बोलतात त्याच शब्दांत. त्याचबरोबर आधीच्या हंगामातले व्हॉट्सॲपवरचे संदेश आम्ही दोघांनी बसून वाचले. वहीत भाव होता, तो असणारच. ‘पुण्याला कधी पोचेल’ होतं. ‘खरंच देवगडचाच ना’ होतं. पण जो प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा येत होता तो साक्याचा होता. ‘गेल्या वर्षी दुसरीकडून मागवले, डझनात तीन साक्याचे निघाले, तुमच्याकडे तसं होणार नाही ना?’ ‘साका निघाला तर काय करता?’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साका हा हापूसच्या गरातला दोष आहे. फळ बाहेरून अगदी देखणं असतं, कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा, आंबट भाग निघतो. बाहेरून बघून किंवा दाबून तो ओळखता येत नाही. विकणाऱ्यालाही नाही, घेणाऱ्यालाही नाही. म्हणजे हजारो रुपये देऊन पेटी घेणाऱ्याची ही भीती खरी आहे आणि कुठल्याही सुंदर फोटोने ती जात नाही.

मी काकांना विचारलं, “साका निघाला तर तुम्ही काय करता?”

ते म्हणाले, “फोटो पाठवला की त्या फळाचे पैसे परत करतो. नाहीतर पुढच्या पेटीत जास्तीचं फळ घालतो. वडिलांपासून चालत आलंय. त्यात लिहायचं काय?”

वचन हेच होतं, आणि ते पाचपैकी एकाही स्लाइडवर नव्हतं. जी गोष्ट धंदा रोज करतो आणि म्हणूनच लिहिण्यासारखी वाटत नाही, तिथे मी सर्वात आधी शोधतो. तिचा दुसरा फायदा असा की ती पाळता येईल का, हा प्रश्न उरत नाही. इथे ती वर्षानुवर्षं पाळली जात होती.

तरी वाक्य लगेच जमलं नाही. आधीचे खर्डे दाखवतो, कारण चुका त्यांत जास्त स्पष्ट दिसतात.

पुतण्याचा पहिला खर्डा होता, ‘कोकणची चव आता तुमच्या दारी’. वाचायला गोड आहे. पण हेच वाक्य काजूवाला लावू शकतो, मासळीवाला लावू शकतो, मसालेवालाही लावू शकतो. माझी साधी कसोटी अशी की शेजारच्या दुकानाच्या पाटीवर तेच वाक्य ठेवून बघायचं. तिथेही शोभत असेल तर ते आपलं नाही.

दुसरा खर्डा, ‘शंभर टक्के अस्सल, नैसर्गिक देवगड हापूस’. यात आंबा आला, गाव आलं. पण दुसऱ्या भागातला आंबा देवगडचा म्हणून विकणाराही नेमकं हेच लिहितो. ‘अस्सल’, ‘शंभर टक्के’, ‘उत्कृष्ट’ हे शब्द वाचणाऱ्याला तपासता येत नाहीत, म्हणून त्याच्या मनावर ते उमटतच नाहीत.

तिसऱ्यात आम्ही सगळंच घातलं. ‘आमच्या स्वतःच्या बागेतला, गवताच्या अढीत पिकवलेला, कार्बाइड न वापरलेला देवगड हापूस 48 तासांत पुण्या-मुंबईत घरपोच.’ यातलं बरंचसं खरं होतं, पण पाच स्लाइडची गर्दी एका वाक्यात येऊन बसली होती. आणि 48 तास काकांच्या हातात नव्हते, ते वाहतूकवाल्याच्या हातात होते. दुसऱ्याच्या भरवशावरचं वचन मथळ्यात घातलं की पहिल्या उशिरालाच ते मोडतं.

शेवटी हे राहिलं:

देवगडचा हापूस, आमच्या बागेतून. साका निघाला तर त्या फळाचे पैसे परत.

त्याखाली लहान अक्षरात एक ओळ: ‘गवताच्या अढीत पिकवलेला. पुणे आणि मुंबईत घरपोच, एक किंवा दोन डझनाच्या पेटीत.’ या ओळीचं काम मथळा पुन्हा सांगण्याचं नाही. हे आपल्यासाठी आहे का, एवढं वाचणाऱ्याला कळावं म्हणून ती असते. नागपूरच्या माणसाला इथेच कळतं की अजून तिकडे पाठवत नाहीत, आणि त्याचा वेळ वाचतो. पैसे परत मिळण्याची अट, म्हणजे फळ कापल्यावर दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर फोटो, बटणाखालीच साध्या शब्दांत लिहिली. अट तळाच्या नियमांत लपवली असती तर वचनाची किंमत गेली असती.

आता बटण. आधी ‘अधिक जाणून घ्या’ होतं. हे बटण कुठे नेणार ते दाबणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून दाबायचं कारणही नसतं. ‘आत्ता खरेदी करा’ घाईचं झालं, कारण भाव अजून बघितलेलाच नाही. मी आधी ‘पेटी बुक करा’ सुचवलं होतं आणि ती माझी चूक होती. ते दाबल्यावर उघडणाऱ्या पानावर बुकिंगचा फॉर्म नव्हता, पेट्यांची यादी होती. बटणावर जे लिहिलंय तेच पुढच्या पानावर सर्वात वर दिसलं पाहिजे. शेवटी ठेवलं ‘पेट्या आणि भाव पाहा’. वहीत भावाचा प्रश्न तर रोजच होता, आणि त्याचं उत्तर एका टॅपवर आलं.

व्हॉट्सॲपच्या बटणावरून आमचा थोडा वाद झाला. पुतण्याचं म्हणणं, दोन्ही बटणं शेजारी ठेवू, ज्याला जे हवं ते. पण सारख्या आकाराची दोन बटणं ठेवली की निवड आपण न करता पाहुण्यावर ढकलतो. मग ऑर्डर प्रत्यक्षात कुठे पूर्ण होते, ते बघितलं. पैसे साइटवरच भरले जात होते, व्हॉट्सॲपवर फक्त शंका येत होत्या. म्हणून मोठं बटण एकच आणि फोन नंबर वरच्या पट्टीत साध्या अक्षरात. ज्यांच्या ऑर्डरी खरोखर व्हॉट्सॲपवरच घेतल्या जातात त्यांनी बिनधास्त तेच एक बटण ठेवावं.

राहिलेल्या स्लाइडचं काय? काढायला बसलात की खरी अडचण इथे येते, कारण प्रत्येक स्लाइडमागे एक माणूस असतो. मी प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न विचारला: वाचणाऱ्याच्या मनात ही शंका कुठे उठते? कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन 2018 मध्ये मिळालं आणि या कुटुंबाकडे त्याचं नोंदणीचं प्रमाणपत्र आहे. ‘खरंच देवगडचा का’ ही शंका भाव बघताना उठते, म्हणून प्रमाणपत्र पेट्यांच्या पानावर भावाच्या शेजारी गेलं. सरबत आणि आंबापोळी पेटी निवडल्यानंतरच्या पानावर गेली, ‘यासोबत हेही पाठवू का’ म्हणून. सूट पैसे भरायच्या पानावर गेली. दारातच सूट दिसली की भाव मुळात वाढवलेला असावा असं वाटतं, निदान मला तरी वाटतं. सत्काराच्या फोटोवर मात्र बोलणं लांबलं. तो ‘आमच्याबद्दल’ या पानावर गेला, पूर्ण रुंदीचा, खाली पुरस्कार कशासाठी मिळाला त्याच्या चार ओळी. स्लायडरमध्ये तो पाच सेकंद दिसायचा आणि कशाचा आहे हे कुणालाच कळायचं नाही. हे सांगितल्यावर पुतण्याचे वडील राजी झाले. ‘हार्दिक स्वागत’ तेवढं कुठेच गेलं नाही, ते काढून टाकलं.

फोटोबद्दल थोडं सविस्तर, कारण मराठी साइटवर इथे हमखास घोळ होतो. जुन्या स्लाइडवरची अक्षरं चित्रातच बसवलेली होती. चित्र 1920 पिक्सेल रुंद आणि 600 उंच. साधारण फोनच्या पडद्याची रुंदी वेबच्या मापाने 360 च्या आसपास धरली जाते. तिथे ते चित्र आक्रसून जेमतेम 112 उंचीची चिंचोळी पट्टी होते, आणि त्यातलं 60 पिक्सेलचं अक्षर 11 वर येतं. देवनागरीत एवढ्या आकाराला मात्रा, वेलांट्या आणि खालचे उकार गिचमिड होतात. काकांनी साइट कायम पुतण्याच्या लॅपटॉपवरच पाहिली होती, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शिवाय चित्रातली अक्षरं दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर वाचत नाही.

म्हणून मजकूर चित्रातून बाहेर काढला आणि खरा मजकूर म्हणून लिहिला. पाच चित्रांऐवजी एकच ठेवलं: मधोमध कापलेला हापूस, आतला केशरी गर एकसारखा. सूर्यास्तापेक्षा हे चित्र मथळ्याच्या बाजूने बोलतं, कारण साका आतच असतो. सांगाडा एवढाच:

```html
<section class="hero">
  <h1>देवगडचा हापूस, आमच्या बागेतून.
      साका निघाला तर त्या फळाचे पैसे परत.</h1>
  <p>गवताच्या अढीत पिकवलेला. पुणे आणि मुंबईत घरपोच,
     एक किंवा दोन डझनाच्या पेटीत.</p>
  <a class="btn" href="/petya">पेट्या आणि भाव पाहा</a>
  <p class="at">फळ कापल्यावर दोन दिवसांत
     व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा.</p>
  <img src="/img/hapus.jpg" width="1200" height="800"
       fetchpriority="high" alt="मधोमध कापलेला हापूस, केशरी गर">
</section>
```

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. चित्राची रुंदी-उंची आधीच लिहिली की ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो आणि चित्र आल्यावर मजकूर उडी मारत नाही. आणि `fetchpriority="high"` मुळे हे चित्र आधी मागवलं जातं. या चित्राला `loading="lazy"` लावू नका. ते खालच्या चित्रांसाठी असतं, वरच्या चित्राला लावलं तर उलट उशीर होतो. पानावरची सर्वात मोठी गोष्ट 2.5 सेकंदांच्या आत दिसावी, असा गूगलचा मापदंड आहे. पाच मोठी चित्रं आणि स्लायडरची स्क्रिप्ट गेली की तो गाठणं बरंच सोपं होतं. देवनागरी मथळ्याला ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा थोडं जास्त द्या, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात.

स्लाइड कुठेच नकोत असं माझं म्हणणं नाही. पेटीच्या पानावर पेटीचे, अढीचे, फळाच्या आकाराचे चार फोटो बोटाने सरकवून बघायला ठेवले, ते चांगलं चालतं. तिथे माणूस काय बघायचं ते स्वतः ठरवतो. अडचण आपोआप सरकण्यात आहे. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यांतही हे आहे: आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ हलत राहणाऱ्या गोष्टीला थांबवायची सोय दिलीच पाहिजे. आणि काही कारणाने स्लायडर ठेवावाच लागला तर निदान आपोआप सरकणं बंद करा आणि पहिली स्लाइड वर सांगितली तशी लिहा.

बदल जमला का, हे कसं ओळखायचं? मोठ्या साइट निम्म्या लोकांना जुनं आणि निम्म्यांना नवं पान दाखवून ताडून बघतात. त्याला पुष्कळ वर्दळ लागते आणि छोट्या साइटकडे ती नसते. आधीचा महिना आणि नंतरचा महिना ताडणंही आंब्याच्या धंद्यात फसवं आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मागणी चढते, मेमध्ये आवक वाढून भाव उतरतात. ऑर्डरी वाढल्या तर श्रेय मथळ्याला द्यायचं की सणाला, हे सांगता येत नाही.

आम्ही दोन साध्या गोष्टी केल्या. साइट कधीही न पाहिलेल्या पाच जणांना फोनवर पान पाच सेकंद दाखवलं, फोन बाजूला ठेवला आणि विचारलं: हे काय विकतात, यांच्याकडूनच का घ्यायचं आणि पुढे काय करायचं? चार जणांनी तिन्ही सांगितलं. पाचव्या होत्या माझ्या शेजारच्या काकू. त्यांनी विचारलं, “पैसे परत म्हणजे अख्ख्या पेटीचे?” ‘त्या फळाचे’ हे शब्द त्यांच्या नजरेतून सुटले होते, कारण नेमकी तिथेच ओळ तुटत होती. आम्ही ‘त्या फळाचे पैसे परत’ हे शब्द एकाच ओळीत राहतील असं केलं.

दुसरी गोष्ट म्हणजे काकूंची वही. ती आम्ही बंद केली नाही. नवं पान लागल्यावर दोनेक आठवड्यांत साक्याचे प्रश्न कमी झाले आणि एक नवा प्रश्न वर आला, ‘आज पैसे भरले तर पेटी कुठल्या वारी निघेल?’ गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. हे काकांच्या हातातलं होतं, म्हणून ‘घरपोच’नंतर तेवढं घातलं: ‘पेट्या दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतात’.

जूनमध्ये पाऊस लागला आणि बाग संपली. त्या दिवशी मथळा बदलून ‘या वर्षीचा हापूस संपला’ केला आणि बटण ‘पुढच्या हंगामासाठी नंबर द्या’. काकूंच्या वहीतलं पुढचं पान सध्या कोरं आहे. फेब्रुवारीत पहिले फोन आले की ते पुन्हा भरायला लागेल.